माननीय महोदय, मला कुठेही घ्या

दिवाळीचा फराळ संपत आला की माझ्या इनबॉक्समध्ये एक हंगाम सुरू होतो आणि तो होळीपर्यंत चालतो. या काळात देशभरातली तिसऱ्या वर्षाची मुलंमुली पुढच्या उन्हाळ्यासाठी संशोधनाची इंटर्नशिप शोधत असतात, आणि ज्यांच्या नावामागे 'प्रा.' किंवा 'डॉ.' लागलेलं आहे अशा प्रत्येकाला मेल पाठवत असतात. मी पुण्यातल्या एका संस्थेत हवेतल्या धुळीवर काम करते. तरीही माझ्या 'अमूल्य मार्गदर्शनाखाली' यंत्रमानव, मधमाश्या, शेअर बाजार आणि कर्करोग या विषयांवर संशोधन करण्याची तीव्र इच्छा दरवर्षी कुणाला ना कुणाला होतेच.

संस्थेच्या पानावर माझा फोटो आहे, आणि त्यात मी साडी नेसलेली आहे. तरी मेलची सुरुवात 'आदरणीय सर' अशीच होते. काही सावध मुलं 'सर/मॅडम' लिहितात आणि नको ते खोडायचं काम माझ्यावर सोपवतात. एका मेलमध्ये सगळा मजकूर काळ्या अक्षरात आणि माझं आडनाव तेवढं मोठ्या निळ्या अक्षरात होतं. ते कुठून उचलून कुठे चिकटवलं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. आणखी काही मुलं एवढेही कष्ट घेत नाहीत. तिथे पत्त्याच्या रकान्यात चाळीसेक प्राध्यापक दाटीवाटीने उभे असतात, आणि मजकुरात लिहिलेलं असतं की 'फक्त आपल्याच प्रयोगशाळेत काम करण्याचं माझं स्वप्न आहे.' अशा यादीत आपला नंबर कितवा आणि शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याचा कितवा, हे मी आधी बघते. संशोधक झालं तरी माणूसच.

मुलांना दोष देण्यात फारसा अर्थ नाही. हा मेल त्यांनी लिहिलेलाच नसतो. कुठल्या तरी कॉलेजात कुठल्या तरी वर्षी एका सीनियरला असा मेल पाठवल्यावर इंटर्नशिप मिळाली. ती मेलमुळे मिळाली की त्याच्या काकांच्या ओळखीमुळे, हे कुणी विचारलं नाही. मेल मात्र वसतिगृहात वारसाहक्काने पुढे जात राहिला. लग्नपत्रिकेसारखंच ते: नावं बदलायची, मजकूर तोच. फरक एवढाच, की पत्रिका आल्यावर निदान जेवण तरी मिळतं.

यंदाच्या हंगामात ताईचा कोल्हापूरहून फोन आला. भाचा सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "दिल्लीकडच्या एका प्राध्यापकांना मेल पाठवतोय. तू जरा बघ ना. फक्त इंग्रजी तपासायचंय."

"त्यांचा विषय कुठला?"

"तुझ्यासारखाच. धूळबिळ."

"मग माझ्याकडेच का नाही येत?"

मागून भाच्याचा आवाज आला, "मावशी, तुझ्याकडे आलो तर सर्टिफिकेटवर काय लिहिणार? सुट्टीत मावशीकडे गेला होता?"

मुद्दा बिनतोड होता. मी मेल पाठवायला सांगितलं. तो अर्थातच इंग्रजीत होता. इथे मराठीत उतरवताना त्याचा बराचसा भाग वाचकांच्या प्रकृतीचा विचार करून गाळला आहे.

'विषय: इंटर्नशिपबाबत विनंती.

आदरणीय सर/मॅडम, हा मेल आपणास मिळेल तेव्हा आपण सुखरूप व आनंदात असाल अशी आशा करतो. मला लहानपणापासूनच विज्ञान व संशोधनाची प्रचंड आवड आहे. मी अत्यंत मेहनती, जिज्ञासू, चटकन शिकणारा व संघभावनेने काम करणारा विद्यार्थी आहे. मी आपल्या संशोधनाचा सखोल अभ्यास केला असून ते मला अत्यंत रंजक वाटले व माझ्या आवडीशी पूर्णपणे जुळणारे वाटले. मी मशीन लर्निंग, ड्रोन तंत्रज्ञान, ब्लॉकचेन व नेतृत्वगुण या विषयांतील प्रमाणपत्रे मिळवली आहेत. आपल्या नामांकित संस्थेत आपल्या मार्गदर्शनाखाली कोणत्याही विषयावर, कितीही कालावधीसाठी, मानधनाशिवायही काम करण्याची संधी मिळाल्यास मी आपला आजन्म ऋणी राहीन. सकारात्मक उत्तराच्या प्रतीक्षेत, आपला आज्ञाधारक.'

इंग्रजीत चूक एकही नव्हती. त्यामुळे ताईने सांगितलेलं काम सुरू होण्याआधीच संपलं.

मग मी भाच्याला सांगितलं की हा मेल तुझ्या जागी बसून वाचायचा नाही. समोरच्या माणसाला दोन तासिकांच्या मधे दहा मिनिटं आहेत. हातात फोन आहे, फोनच्या पडद्यावर विषयाची ओळ आणि पहिली दीड ओळ दिसतेय, आणि दारात एक पीएचडीचा विद्यार्थी बिघडलेला पंप घेऊन उभा आहे. अशा वेळी त्या माणसाला चारच गोष्टी हव्या असतात. हा कोण आहे? माझ्याकडेच का आलाय? याला काय येतं? आणि याला नेमकं काय हवंय, कधी आणि किती दिवस? तुझ्या मेलमधून पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं, आणि तेही शेवटच्या सहीत.

भाचा म्हणाला, "दुसऱ्याचं दिलंय की. त्यांच्या संशोधनाचा सखोल अभ्यास केलाय."

"काय वाचलंस?"

"त्यांचं पान."

"पेपरचं?"

"नाही, वेबसाइटचं."

इथे मी त्याला आमच्या धंद्यातली एक चाचणी सांगितली. मेलमधलं प्राध्यापकांचं नाव काढायचं आणि दुसऱ्या कुणाचं तरी घालायचं. मधमाश्यांवर काम करणाऱ्या बाईंचं घाल. वाक्य तसंच्या तसं चाललं, तर ते वाक्य कुणालाच उद्देशून नाही. 'आपले संशोधन रंजक वाटले' हे वाक्य मधमाश्यांनाही लागू पडतं. त्यावर काही हुशार मुलं पेपरचं शीर्षक जसंच्या तसं उचलून वाक्यात बसवतात. त्याने काही साधत नाही. शीर्षक चिकटवायला पेपर उघडावाही लागत नाही, हे आम्हाला ठाऊक असतं. पेपर वाचल्याचा पुरावा एकच: पेपर वाचल्याशिवाय सुचूच शकला नसता असा एखादा प्रश्न.

पुढे 'कोणत्याही विषयावर, कितीही कालावधीसाठी' होतं. मुलांना यात नम्रता दिसते. वाचणाऱ्याला काम दिसतं. इंटर्न घ्यायचा म्हणजे त्याला टेबल हवं, वसतिगृहात खोली हवी, आणि पहिले दोन आठवडे त्याला सगळं दाखवायला एखाद्या पीएचडीवाल्याचा वेळ हवा. एवढं जुळवून आठ आठवड्यांत पूर्ण होईल असा विषयही शोधून काढायचा. 'काहीही द्या' म्हणणाऱ्याने यातलं सगळं कोडं आमच्याकडे सरकवलेलं असतं. तारखाही आम्हीच ठरवायच्या. मग मेल 'नंतर बघू' या खात्यात जातो. त्या खात्यात मी स्वतः आजवर परत गेलेले नाही.

'मानधनाशिवायही' हे दोन कारणांनी काढलं. स्वतःचा भाव स्वतःहून शून्य करू नये, आणि वसतिगृहाचं भाडं प्राध्यापक माफ करू शकत नाहीत. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपसारखा कुठे अर्ज केला असेल, तर तसं एका वाक्यात सांगावं. तसं सांगितलं तर समोरच्याची एक काळजी मिटते. नसेल केला, तर पैशाचं बोलणं पहिल्या मेलमध्ये नकोच.

'लहानपणापासून' ताईनेच खोडलं. लहानपणी हा मिक्सर सुरू झाला की पलंगाखाली जायचा, असं तिचं म्हणणं.

आता मेलमध्ये नाव, कॉलेज आणि 'आपला आज्ञाधारक' एवढंच उरलं. भाचा घाबरला. "मावशी, मग लिहू काय? मी काही केलेलंच नाही."

हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे, आणि निम्म्या वेळा ते खोटं असतं. मुलं प्रमाणपत्रं सांगतात आणि केलेलं काम लपवतात, कारण कामावर कुणाचा शिक्का नसतो. थोडं उकरल्यावर निघालं, की भाच्याने आणि त्याच्या मित्राने मिनी-प्रोजेक्ट म्हणून वसतिगृहाच्या गच्चीवर एसडीएस 011 नावाचा स्वस्तातला सेन्सर जुलै ते सप्टेंबर टांगून ठेवला होता. हवेतले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे पीएम 2.5, तो मोजतो. "पण तो काही खास नव्हता. आकडे वेडेवाकडे आले. सरांनी पास केलं."

"वेडेवाकडे म्हणजे कसे?"

"पावसाळ्यात हवा स्वच्छ असते ना? आमचा सेन्सर मात्र सरकारी केंद्रापेक्षा दुप्पट धूळ दाखवत होता."

मी खुर्चीत सरसावून बसले. हे वेडेवाकडं मला ओळखीचं होतं. या सेन्सरमध्ये एक छोटा पंखा हवा आत ओढतो. त्या हवेवर लेझरचा प्रकाश पडतो, आणि कणांवरून प्रकाश किती विखुरला यावरून धुळीचा अंदाज निघतो. हवा दमट असली की बरेच कण पाणी शोषून फुगतात. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो, आणि सेन्सर ते पाणीही धुळीच्या खात्यावर मांडतो. सरकारी केंद्रातलं महागडं यंत्र सहसा आत येणारी हवा जरा तापवून घेतं, त्यामुळे कणांवरचं बरंचसं पाणी उडून जातं. या सेन्सरच्या माहितीपत्रकातच लिहिलं आहे की तो 70 टक्के आर्द्रतेपर्यंतच चालवावा. आणि या दोघांनी त्याला कोल्हापुरात, जुलैत, गच्चीवर टांगलं होतं.

"म्हणजे प्रोजेक्ट चुकला?"

"प्रोजेक्ट उत्तम झाला. तुम्ही तो कुणाला नीट सांगितला नाहीत, एवढंच."

आता त्या प्राध्यापकांचा पेपर उघडला. सगळा वाचायची पहिल्या दिवशी गरज नसते. सारांश वाचायचा, आलेख बघायचे, आणि मग शेवटाकडचा तो परिच्छेद गाठायचा जिथे लेखक आपल्या कामाच्या मर्यादा सांगतात. इंटर्नशिप शोधणाऱ्याची खरी जागा त्या परिच्छेदात असते, कारण जे करायचं राहून गेलं आहे ते लेखकांनी तिथे स्वतःच लिहिलेलं असतं. या पेपरमध्ये स्वस्त सेन्सरचे आकडे दुरुस्त करायचं एक समीकरण होतं. त्यात आर्द्रतेचं पद सरळ रेषेतलं होतं, म्हणजे आर्द्रता जितकी वाढेल तितक्याच प्रमाणात दुरुस्ती वाढेल. आकडे मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे होते, आणि मर्यादांमध्ये लेखकांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की पावसाळ्यातली परिस्थिती तपासलेली नाही. भाच्याकडे नेमके पावसाळ्याचे आकडे होते. लहानपणापासूनच्या आवडीने जे जमलं नाही, ते कोल्हापूरच्या पावसाने करून दिलं.

मी म्हटलं, "आता लिही." आणि चहा करायला गेले. शहाण्या माणसाने अशा वेळी चहा करायला जाऊ नये.

परत आले तेव्हा फोनवर दुसरा मसुदा आला होता. 'महोदय, आपल्या पेपरमधील समीकरण चुकीचे असल्याचे मी 94 टक्के अचूकतेने सिद्ध केले आहे. याबाबत आपल्याशी चर्चा करू इच्छितो.' आजन्म ऋणी राहणारा मुलगा अर्ध्या तासात थेट तपास अधिकारी झाला होता.

या मसुद्यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. समीकरण चुकीचं नव्हतं. ते ज्या हवेसाठी बनवलं होतं त्या हवेत बरोबरच होतं. हिवाळ्यातलं समीकरण पावसाळ्यात नेलं तर चूक नेणाऱ्याची. मग मी विचारलं, 94 टक्के अचूकता कशाची? भाचा म्हणाला, मॉडेलची. मॉडेल कशाशी ताडून पाहिलंस? केंद्राच्या आकड्यांशी. ज्या आकड्यांवर मॉडेल बसवलं, त्यांच्याशीच? फोनवर शांतता पसरली. ज्या गणितांची उत्तरं आधीच पाहिली आहेत, तीच परीक्षेत सोडवून दाखवणं म्हणजे अचूकता नव्हे. तो आकडा गेला.

त्याच्या जागी साधा हिशेब आला. तास वेगळे काढले आणि आर्द्रतेनुसार त्यांचे गट केले. आर्द्रता 70 टक्क्यांखाली असताना सेन्सरचा आकडा केंद्राच्या सुमारे 1.2 पट होता, आणि 85 टक्क्यांवर गेल्यावर सुमारे 1.9 पट. हे दोन आकडे कुणालाही कळतात आणि कुणालाही तपासता येतात. मग मी विचारलं, केंद्र गच्चीपासून किती लांब? दोन किलोमीटर. म्हणजे फरकातला थोडा भाग जागेचाही असणार. भाचा म्हणाला, "हे लिहायचं नाही ना?" म्हटलं, हेच लिहायचं. आपल्या आकड्यांची खोट ज्याला स्वतःला दिसते, त्याच्या हातात प्रयोगशाळेचे आकडे द्यायला माणूस कचरत नाही. शिवाय तू नाही सांगितलंस तर ते दहा सेकंदांत विचारतीलच, आणि मग तुला ते माहीत होतं की नव्हतं, हे त्यांना कळणार नाही.

तिसरा मसुदा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मी 'थोडक्यात' असं म्हटलं होतं, ते त्याने मनावर घेतलं होतं. 'हाय प्रोफ, आर्द्रतेचं पद रेषीय नाहीये. मे-जून चालेल? सीव्ही जोडलाय.'

यात शब्द कमी होते आणि माहितीही कमी होती. कुणाचं पद, कुठल्या पेपरमधलं, हे विचारणारा कोण, आणि काय चालेल? थोडक्यात लिहायचं म्हणजे वाचणाऱ्याचे प्रश्न कमी करायचे असतात. या मेलने ते वाढवले होते. 'हाय प्रोफ'बद्दल मी काही बोलले नाही. ताईच बोलली, बराच वेळ.

शेवटी जो मेल गेला, तो असा:

'विषय: मे-जुलै इंटर्नशिप: जास्त आर्द्रतेत पीएम 2.5 सेन्सरची दुरुस्ती

प्रिय प्रा. (आडनाव),

मी कोल्हापुरात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्वस्त सेन्सरवरच्या आपल्या पेपरमध्ये आर्द्रतेचं पद रेषीय आहे आणि आकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे आहेत. मी एसडीएस 011 सेन्सर जुलै ते सप्टेंबर गच्चीवर चालवून त्याचे आकडे शासकीय केंद्राच्या ताशी नोंदींशी ताडून पाहिले. आर्द्रता 70 टक्क्यांखाली असताना सेन्सर सुमारे 1.2 पट दाखवतो, 85 टक्क्यांवर सुमारे 1.9 पट. रेषीय दुरुस्तीनंतरही 90 टक्क्यांपुढे आकडा जास्तच राहतो. केंद्र 2 किलोमीटरवर असल्याने हा सगळा फरक आर्द्रतेचा आहे असं मी म्हणू शकत नाही.

आपल्याकडे सेन्सर आणि संदर्भयंत्र शेजारी ठेवून घेतलेले पावसाळ्यातले आकडे आहेत का? असल्यास 15 मे ते 10 जुलै असे आठ आठवडे तिथे येऊन त्यांवर काम करण्याची माझी इच्छा आहे. पायथनमध्ये आकडे साफ करणं आणि आलेख काढणं मला येतं. कॉलेजची परवानगी मिळाली आहे. एक आलेख आणि एक पानाचा सीव्ही जोडला आहे.

जागा नसल्यास एका ओळीत तसं कळवलं तरी चालेल.'

नावाची चाचणी लावून बघा. मधमाश्यांवाल्या बाईंना हा मेल पाठवताच येणार नाही. धुळीवर काम करणाऱ्या मला पाठवला, तरी 'आपल्या पेपरमध्ये' या शब्दांशी तो अडेल. दुसरी गोष्ट त्यातल्या प्रश्नाची. 'आपल्याकडे असे आकडे आहेत का' याला उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं, आणि ते बिघडलेला पंप दारात उभा असतानाही देता येतं. 'मला मार्गदर्शन करा' याचं उत्तर द्यायला सुट्टी काढावी लागते.

प्रमाणपत्रं सीव्हीत राहिली. नेतृत्वगुण तिथेही राहिले नाहीत. एकूण मेल मूळच्या तिसऱ्या हिश्शावर आला, आणि त्यात त्या मुलाबद्दलची माहिती मात्र पहिल्यापेक्षा जास्त होती. ताईला अजूनही वाटतं की तो फार कोरडा आहे. 'निदान शेवटी "कृपा असावी" तरी लिही,' असं तिचं म्हणणं. पण आठ आठवडे आर्द्रतेचे आकडे साफ करायचे असतील, तर मेल कोरडाच बरा.

पाठवण्याआधी काही किरकोळ दुरुस्त्या झाल्या, पण त्या किरकोळ नव्हत्या. सीव्हीच्या फाइलचं नाव 'फायनल-फायनल-2-नवीन' असं होतं. प्राध्यापकांच्या संगणकावर अशा नावाच्या फाइली आधीच भरपूर असतात, त्यांच्या स्वतःच्या. तिला भाच्याचं नाव दिलं. त्याचा मेलचा पत्ता आठवीत असताना काढलेला होता आणि त्यात 'वाघ' हा शब्द आणि तीन आकडे होते. कॉलेजचा पत्ता वापरला. मेल वाचल्याची पोच मागणारी खूण काढली, कारण पोच मागितली की उत्तर द्यायची इच्छा कमी होते. आणि प्राध्यापकांचं पान शेवटपर्यंत वाचलं. काही जण तिथे स्पष्ट लिहितात की इंटर्नशिपसाठी थेट मेल करू नका, संस्थेच्या कार्यक्रमातून अर्ज करा. तसं लिहिलं असेल तर तसाच अर्ज करायचा. 'मी अपवाद आहे' असं सांगणाऱ्या मेलचीही एक वेगळी रास असते.

मेल गेला रात्री. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा निरोप: "उत्तर नाही. आठवण करू का?" काही मुलं खरंच करतात. रात्री एकला मेल आणि सकाळी नऊला 'नम्र स्मरणपत्र'. मी सांगितलं, आठवडा-दीड आठवडा थांब. मग त्याच मेलखाली दोन ओळींचं एकच स्मरण पाठव, आणि तेवढ्यात दुसऱ्या एखाद्या प्राध्यापकांचा पेपर वाचायला घे. अशा मेलना बरेचदा उत्तरच येत नाही. त्याचं कारण मेल वाईट असणं हेच नसतं. प्रयोगशाळेत जागा नसते, अनुदान संपत आलेलं असतं, प्राध्यापक परदेशात असतात, किंवा मे महिन्यात सगळी संस्था रंगवायला काढलेली असते. नेमका लिहिलेला मेल एवढंच करतो, की नकार आला तर तो वाचून आलेला असतो.

उत्तर आलं. 'पावसाळ्याचे थोडे आकडे आहेत. वसतिगृहात मेमध्ये जागा नाही, जूनपासून बघता येईल. तुमच्या सेन्सरचं तोंड कुठल्या दिशेला होतं?' भाच्याने मला विचारलं, "म्हणजे घेतलं की नाही?" मी म्हटलं, घेतलं की नाही ते जूनमध्ये कळेल. आत्ता सेन्सरचं तोंड कुठे होतं ते आठव. त्याने मित्राला फोन लावला. मित्राच्या मते दक्षिणेला, भाच्याच्या मते पाण्याच्या टाकीकडे. टाकी गळते, हे दोघांनाही मान्य होतं. तेही त्याने लिहून पाठवलं. पुढचं प्राध्यापकांचं आणि भाच्याचं आपसातलं बोलणं झालं, आणि ते धुळीबद्दल होतं. एवढ्यासाठीच तर मेल होता.

आता कुणी म्हणेल, ज्याने गच्चीवर काहीच टांगलं नाही त्याने काय करायचं? त्यालाही वाट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या केंद्रांचे ताशी आकडे संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुले असतात. ज्यांना मेल करायचा आहे त्यांच्या पेपरमधला एखादा आलेख निवडायचा, आणि आपल्या गावचे आकडे घेऊन तसाच काढून बघायचा. जुळला तर कुठे जुळला हे लिहायचं, नाही जुळला तर कुठे फाटला हे लिहायचं. फाटलेला आलेख बहुधा जास्त उपयोगी पडतो. याला दोनेक आठवड्यांच्या संध्याकाळी लागतात. त्याच संध्याकाळी चाळीस जणांना एकच मेल पाठवता येतो हे खरं, पण त्या मेलचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना माझं सांगणं एवढंच: तुम्ही किती आज्ञाधारक आहात ते आम्हाला कळवू नका, तुम्हाला काय दिसलं ते कळवा. आणि माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. एखाद्या मुलाने तुमचा पेपर खरोखर वाचून, मर्यादांचा परिच्छेद गाठून, आपल्या आकड्यांची खोट स्वतः सांगून मेल पाठवला असेल आणि तुमच्याकडे जागा नसेल, तर 'यंदा जागा नाही' एवढे तीन शब्द तरी टाइप करा. तुमचा मर्यादांचा परिच्छेद आजवर किती जणांनी वाचला असेल, याचा एकदा विचार करा, आणि मग ते तीन शब्द टाइप करायला हात आखडता घेऊ नका.